प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय तडकलाय? जोडायची की भंगारात द्यायची, असं ओळखा

आमच्या मंडळाच्या दीडशे खुर्च्या गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहेत, म्हणजे गोडाऊनची चावी माझ्याकडे, मोजून देणं-घेणं माझ्याकडे, आणि गणपती झाले की कुठली मोडली कुठली तडकली हे बघणंही माझ्याकडेच. सगळ्या त्या हाताच्या खुर्च्या, एकाच तुकड्यात ओतलेल्या, जोड कुठेच नाही, ज्या प्रत्येक घरात गच्चीवर नाहीतर अंगणात एक तरी असतेच. सुरुवातीला मला यातलं काहीच कळत नव्हतं. दुसऱ्या वर्षी एका खुर्चीच्या मागच्या पायाला चीर दिसली, मी त्यात ग्लू भरला, वरून टेप गुंडाळला आणि खुर्ची परत रांगेत लावली. आरतीनंतर शेजारचे तात्या त्यावर बसले, थोडं मागे रेलले आणि तो पाय आतल्या बाजूला दुमडला. तात्या पाठीवर पडले, त्यांचं डोकं आणि देवळाचा दगडी ओटा यात एक वीतभर अंतर राहिलं असेल. कोपर सुजलं त्यावर भागलं, पण ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि तेव्हापासून मी प्रत्येक तडा नीट बघायला शिकलो. तेच इथे लिहितोय, ज्यांनी कधी असं काम केलेलं नाही त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. तडा किती मोठा आहे यावर फारसं काही ठरत नाही. प्लास्टिक अजून जिवंत आहे का आणि तडा कुठे आहे, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं, त्यामुळे हत्यारं काढायच्या आधी तपासणीलाच पंधरा मिनिटं द्या.

आधी धुवा, मग उलटी घाला

खुर्ची साबणाच्या पाण्याने घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या, कारण धुळीने भरलेला तडा दिसत नाही आणि नुसता ओरखडा तड्यासारखा दिसतो. मग गोधडी नाहीतर पोतं अंथरून त्यावर खुर्ची उलटी ठेवा, चारही पाय वर. पायाची आतली बाजू बघा, तडा बाहेरून कमी आणि आतून जास्त दिसतो असं बऱ्याचदा होतं. खुर्ची पांढरी किंवा फिक्या रंगाची असेल तर मोबाईलचा टॉर्च एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने बघा, आरपार गेलेला तडा तिथे वेगळाच चमकतो.

बारीक तडा कुठपर्यंत गेलाय हे डोळ्यांना कळत नसेल तर माझी एक घरगुती युक्ती आहे. पांढऱ्या खुर्चीवर चिमूटभर हळद पाण्यात कालवून बोटाने चोळायची आणि लगेच ओल्या फडक्याने पुसून टाकायची, चॉकलेटी किंवा काळ्या खुर्चीवर हळदीऐवजी टाल्कम पावडर. वरचं सगळं निघून जातं, तड्यात शिरलेलं मात्र राहतं आणि एक पिवळी नाहीतर पांढरी रेघ समोर येते. ही रेघ जिथे संपते तिथे पेनाने खूण करून ठेवा, ती पुढे लागणार आहे.

तीन पाय चांगले आहेत म्हणून ते सोडून देऊ नका. एक पाय ज्या कारणाने तडकला त्याच कारणाने दुसराही तडकायच्या वाटेवर असू शकतो, आणि एका खुर्चीचे दोन पाय गेलेले असतील तर मी पुढे काही बघतच नाही, ती खुर्ची बाजूला काढतो.

प्लास्टिक जिवंत आहे का

या खुर्च्या जवळपास सगळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, सीटच्या खालच्या बाजूला त्रिकोणात ५ आकडा किंवा पीपी अशी अक्षरं सापडतील. चांगलं पॉलिप्रॉपिलीन चिवट असतं, वाकतं, दाबलं की पांढरं पडतं पण तुटत नाही. त्याचा शत्रू म्हणजे ऊन. उन्हातले अतिनील किरण त्याच्या लांब साखळ्या तोडत राहतात, कंपन्या त्यात ऊन सोसायचं रसायन घालतात पण ते काही वर्षांत संपतं, आणि स्वस्त खुर्चीत ते मुळातच कमी असतं. मग वरचा थर आधी ठिसूळ होतो, त्यावर केसासारख्या भेगा पडतात आणि त्या भेगांपासून तडा आत उतरत जातो.

हे ओळखायचं कसं? आधी अंगठा. जी बाजू उन्हाकडे होती तिथे, म्हणजे हातांवर आणि पाठीच्या वरच्या कडेवर, अंगठा जोरात घासा. खडूसारखी पांढरी पावडर हाताला लागली तर ऊन आत शिरायला लागलंय. मग भिंगातून नाहीतर मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करून बघा, वाळलेल्या तळ्याच्या तळासारखं भेगांचं जाळं दिसतंय का. आणि शेवटी ब्लेड, ही चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. तडकलेल्या पायाच्याच बाहेरच्या कडेवरून ब्लेडने, स्वतःच्या हातापासून लांब ढकलत, एक पातळ साल काढायची. चांगल्या प्लास्टिकची साल पेन्सिलला टोक करताना निघते तशी लांब, गुंडाळलेली निघते आणि बोटांत ओढली तर आधी ताणली जाते. मेलेल्या प्लास्टिकची साल निघतच नाही, चुरा पडतो. पहिल्या घासाला चुरा आणि त्याखाली छान लांब साल, असंही होतं, म्हणजे वरचा थर गेलाय आणि आतलं शाबूत आहे. ही मधली अवस्था आहे आणि यात भेगांचं जाळं दिसत असेल तर मी खुर्ची ठेवत नाही, नसेल तर पुढे बघतो.

चुरा पडणारी खुर्ची जोडायचीच नाही. कशानेच नाही. तुम्ही तिथे कितीही मजबूत पट्टी लावा, पट्टीला धरून ठेवायला शेजारचं प्लास्टिकच राहिलेलं नाही, ते पट्टीच्या कडेपाशी नव्याने तुटणार, आणि असं ठिसूळ प्लास्टिक न वाकता, इशारा न देता काचेसारखं तुटतं, तुटलेल्या टोकाने मांडी कापली जाऊ शकते. गच्चीवर चार-पाच उन्हाळे काढलेली खुर्ची असेल तर बहुतेक वेळा निकाल इथेच लागतो. थंडीत अजून वाईट, पारा शून्याजवळ गेला की चांगलं पॉलिप्रॉपिलीनसुद्धा ठिसूळ वागायला लागतं, त्यामुळे मनालीला, शिमल्याला नाहीतर परदेशात बर्फाच्या गावात राहणाऱ्या आपल्या लोकांनी हिवाळ्यात बाल्कनीत ठेवलेली तडकलेली खुर्ची सरळ बादच समजावी.

तडा कुठे आहे, हेच खरं

पायाचा आडवा छेद डोळ्यांपुढे आणा. तो चौकोनी दांडा नसतो, तर दोन सपाट पट्ट्या काटकोनात जोडलेल्या असतात, लोखंडी अँगलसारख्या. चार मिलिमीटरच्या आसपास जाडीचं ते प्लास्टिक माणसाचं वजन पेलतं ते फक्त या कोनामुळे. एक पोस्टकार्ड उभं धरून वरून दाबलं तर लगेच वाकतं, तेच मधे घडी घालून उभं केलं तर बराच भार घेतं, तसंच हे. म्हणून तड्याबद्दल पहिला प्रश्न हा, की तो सपाट पट्टीवर आहे का घडीवर. घडीवरून उभा तडा गेला की कोन संपला, दोन सुट्या पट्ट्या उरल्या, आणि आतून धातूचा कोन बसवल्याशिवाय त्या वाकणारच.

दुसरा प्रश्न उभा का आडवा. पायाच्या लांबीबरोबर खालून वर गेलेला उभा तडा बहुतेक वेळा आपटल्यामुळे पडतो आणि तो दुरुस्त होण्यासारखा असतो. पायाच्या कडेपासून निघून आत शिरलेला आडवा तडा वाईट, कारण पाय वाकतो तेव्हा कडच सगळ्यात जास्त ताणली जाते आणि प्रत्येक बसण्याबरोबर तो तडा थोडा थोडा आत सरकतो. माझा नियम असा आहे की आडवा तडा पट्टीच्या रुंदीच्या पावभागापेक्षा जास्त आत गेला असेल तर खुर्ची बाद.

तिसरा प्रश्न उंचीचा. जमिनीपासून वीतभराच्या आतला तडा असेल तर आशा आहे. पायाच्या मधल्या भागातला उभा तडा असेल तर विचार करता येतो. पण पाय जिथे सीटला मिळतो त्या वळणावरचा तडा, मग तो बोटाच्या पेराएवढा का असेना, तिथे हात लावू नका. त्या वळणावर सगळा जोर गोळा होतो, तिथला आकार गोलाईचा असल्यामुळे कुठलीही सरळ पट्टी नीट बसत नाही, आणि तिथे भोकं पाडणं म्हणजे अजून कमजोर करणं.

आणि कुठला पाय? मागच्या पायांबद्दल मी फार कडक आहे. माणूस रेलतो तेव्हा जवळजवळ सगळा भार मागच्या दोन पायांवर जातो, काही लोक तर पुढचे पाय उचलून झुलतात, आणि गुळगुळीत टाइल्सवर हे पाय बाहेरच्या बाजूला घसरत फाकतात तेव्हा तडा तोंड उघडतो. मागचा पाय गेला की माणूस पाठीमागे पडतो, हात टेकायला वेळ मिळत नाही. पुढच्या पायाची गोष्ट वेगळी आहे, तो आणि हात ही बहुतेक खुर्च्यांत एकच सलग पट्टी असते. म्हणून पुढचा पाय बसताना कमी आणि उठताना जास्त ताणला जातो, विशेषतः म्हातारी माणसं दोन्ही हातांवर जोर देऊन, थोडं एका बाजूला कलून उठतात तेव्हा. तुमची आज्जी त्या खुर्चीवर आरामात बसली म्हणून ती चांगली आहे असं धरून चालू नका, ती उठताना बघा.

तपासणीत शेवटची एक गोष्ट. खुर्ची सरळ ठेवा, सपाट फरशीवर, आणि न बसता दोन्ही तळहात सीटच्या त्या कोपऱ्यावर ठेवून हळूहळू वजन टाका, दुसऱ्या कुणालातरी तड्याकडे बघायला सांगा. तडा उघडमिट करत असेल, किंवा त्याच्या बाजूला आडवा पांढरा पट्टा उमटत असेल, तर प्लास्टिक तिथे ताणलं जातंय. उभ्या तड्यात थोडी उघडमीट चालते, पट्टी लावल्यावर ती थांबते. आडव्यात अजिबात नाही.

ग्लू का धरत नाही

लोक पहिल्यांदा ग्लूच आणतात, मीही तेच केलं होतं. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, त्याच्यावर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो, तसाच ग्लूही त्याला नुसता टेकतो, चिकटत नाही. तो झटपट चिकटणारा ग्लू ज्या छोट्या प्लास्टिकच्या नळीत मिळतो ती नळीही बहुतेक अशाच मेणचट प्लास्टिकची असते. दोन ट्यूब मिसळून लावायचं इपॉक्सीही दुसऱ्या दिवशी दगडासारखं कडक झालेलं दिसतं, पण नखाने कडेला उचललं की पापुद्र्यासारखं अख्खं निघून येतं. खरा धोका असा की भरलेला तडा दिसायचा बंद होतो आणि बसणाऱ्याला खुर्ची चांगली वाटते.

गरम सळईने किंवा सोल्डरिंग आयर्नने वितळवून जोडणं हा दुसरा प्रकार, सायकलवरून बादल्या-टब जोडत फिरणारे लोक हेच करतात. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी घेतली तर जोड होतोही. पण आयर्नचं टोक त्यापेक्षा खूप जास्त तापलेलं असतं, थोडं जास्त टेकलं की धूर येतो आणि जळलेलं प्लास्टिक कमजोर होतं, आणि जोडाच्या शेजारची रेघ नेहमीच मूळ प्लास्टिकपेक्षा कच्ची राहते. बादलीला चालतं, तिच्यातून फक्त पाणी गळायचं थांबवायचं असतं. खुर्चीच्या पायाला मी नुसत्या वितळवलेल्या जोडावर भरवसा ठेवत नाही. भार धातूनेच घेतला पाहिजे.

एक खुर्ची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मागच्या वर्षी टेम्पोतून उतरवताना एक चॉकलेटी खुर्ची वरून निसटली आणि पुढच्या डाव्या पायावर आपटली. पावडर चोळून बघितली तर पायाच्या घडीवरूनच तडा, जमिनीपासून सुरू होऊन वर सात सेंटिमीटर. खुर्ची दोन वर्षांची, कायम गोडाऊनमध्ये, ब्लेडने लांब साल निघाली, बाकीचे तीन पाय स्वच्छ. पुढचा पाय, उभा तडा, वीतभराच्या आत, जिवंत प्लास्टिक, म्हणून ही जोडायची ठरवली.

सामान असं लागलं. अॅल्युमिनियमचा एक इंची अँगल, तीन मिलिमीटर जाडीचा, वीस सेंटिमीटर लांब, हा खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तुकड्यांत मिळतो. पाच मिलिमीटरचे गोल डोक्याचे सहा बोल्ट, वीस मिलिमीटर लांब, प्रत्येकाला दोन मोठे वायसर आणि एक लॉकनट, ज्याच्यात आत नायलॉनची कडी असते आणि जो हलून हलून सैल होत नाही. कानस, ड्रिल मशीन, तीन आणि साडेपाच मिलिमीटरचे बीट. एवढंच.

पहिलं काम तडा थांबवण्याचं. तड्याचं टोक सुईसारखं धारदार असतं आणि सगळा ताण त्या टोकात जमा होतो, म्हणून तो पुढे पळतो. तिथे गोल भोक पाडलं की ताण भोकाच्या कडेभर पसरतो. पेनाने केलेल्या खुणेच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, कारण तडा दिसतो त्यापेक्षा थोडा पुढे गेलेला असतो. भोक पडल्यावर आत टॉर्च धरून बघितलं, भोकाच्या पलीकडे रेघ नाही ना. असती तर अजून वर दुसरं भोक पाडावं लागलं असतं. ड्रिल हळू चालवा, मागे लाकडाचा ठोकळा धरा, दाबू नका, घाईत बीट अडकलं की त्याच झटक्याने नवा तडा जातो. खिळा ठोकून भोक पाडायचा विचारही करू नका. ड्रिल नसेल तर पकडीत धरलेला तापवलेला खिळा चालतो, मोकळ्या हवेत, धूर नाकात जाऊ न देता.

मग अँगल. पायाची आतली घडी बरोबर काटकोनात नसते, तिला आतून छोटी गोलाई दिलेली असते, आणि अँगलचा बाहेरचा कोपरा मात्र टोकदार असतो. तसाच बसवला तर तो नेमका तड्यावरच पाचरीसारखा दाबतो आणि नट आवळताना तडा रुंद होतो. हे मला पहिल्या प्रयत्नात समोर दिसलं, नट फिरवतोय आणि तडा बंद व्हायच्याऐवजी उघडतोय. म्हणून तो कोपरा कानशीने गोल केला, आणि दोन्ही टोकंही गोल केली, म्हणजे वरचं टोक प्लास्टिकमध्ये रुतून तिथून नवीन तडा निघणार नाही. अँगल जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर ठेवला, नाहीतर धातू फरशीला टेकतो, खुर्ची डुगडुगते आणि सगळा भार त्या सहा बोल्टांवर येतो.

भोकांच्या जागा आधी अँगलवर आखल्या. प्रत्येक पट्टीवर तीन बोल्ट, जमिनीपासून साधारण चार, अकरा आणि अठरा सेंटिमीटरवर. खालचा बोल्ट तड्याच्या बाजूला येतो आणि दोन ओठ धरून ठेवतो, वरचे दोन तड्याच्या वर शाबूत प्लास्टिकमध्ये येतात, भार खरं तर तेच घेतात. म्हणूनच पट्टी तड्याच्या टोकापासून निदान तड्याएवढी तरी पुढे गेलीच पाहिजे, इथे तर सात सेंटिमीटरच्या तड्याच्या वर पंधरा सेंटिमीटर गेली. दुसऱ्या बाजूची भोकं दीड सेंटिमीटर खाली-वर सरकवली, नाहीतर आतल्या कोपऱ्यात दोन नट एकमेकांना अडतात. कुठलंही भोक पायाच्या कडेपासून दीड सेंटिमीटरच्या आत येऊ दिलं नाही. अँगल पायावर क्लँपने धरून आधी वरचं एक भोक पाडलं, बोल्ट घातला, मग बाकीची, म्हणजे जागा हलत नाही. बोल्ट पाचचा आणि भोक साडेपाचचं, कारण घट्ट भोकात बोल्ट ठोकून घालावा लागतो आणि तेच टाळायचं असतं.

डोकी बाहेर, नट आत, दोन्हीकडे वायसर. बोल्ट आवळताना आधी तड्याचे ओठ हाताने दाबून मिळवले, मग सगळे बोल्ट थोडे थोडे फिरवले, एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. वायसर प्लास्टिकला टेकल्यावर अर्धा फेरा, बस. वायसरच्या भोवती प्लास्टिक पांढरं पडायला लागलं तर जास्त झालं, थोडं सैल करा. बोल्टची टोकं नटाच्या बाहेर जास्त येत असतील तर करवतीने कापून कानस मारा, साडीचा पदर किंवा लहान मुलांचा हात तिथे अडकतो.

बसायच्या आधी पोतं बसवा

खुर्ची तयार झाली म्हणून स्वतः बसून बघू नका. सीटवर पन्नास किलो गव्हाचं पोतं आणि त्यावर वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन ठेवले, म्हणजे नव्वद किलो झाले, ठेवताना आणि नंतरही पाय त्या खुर्चीखाली नाही ठेवायचे. रात्रभर तसंच. हे प्लास्टिक भाराखाली लगेच तुटलं नाही तरी हळूहळू सरकत राहतं, त्यामुळे पाच मिनिटांच्या चाचणीला काही अर्थ नाही. सकाळी वजन उतरवून परत पावडर चोळली, रेघ थांबवलेल्या भोकाच्या पुढे गेली नव्हती, चारही पाय फरशीला टेकत होते, नटाभोवती पांढरेपणा नव्हता. मग मी बसलो, भिंतीजवळ, पाय जमिनीवर टेकवून, न रेलता, आणि दहा-बारा वेळा हातांवर जोर देऊन उठलो.

पण हेही नीट समजून घ्या की पोतं शांत बसतं, माणूस धपकन बसतो, झुलतो, वळून मागच्याशी बोलतो. एवढं सगळं करूनही ती खुर्ची नव्यासारखी होत नाही. म्हणून जोडलेल्या खुर्चीच्या पाठीवर मी लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढतो आणि ती कुणाला द्यायची हे ठरलेलं असतं. म्हातारी माणसं, गरोदर बाई, वजनदार माणूस, लहान मूल मांडीवर घेतलेली आई, यांना नाही. अंघोळीला बसायला बाथरूममध्ये नाही, ओल्या फरशीवर पाय फाकतात. पंखा पुसायला तिच्यावर चढायचं तर नाहीच, ते खरं म्हणजे धड खुर्चीवरही करू नये. आणि ती बाकीच्या खुर्च्यांत रचायची नाही, आतला अँगल खालच्या खुर्चीवर बसत नाही, ओढून काढताना दोन्ही खुर्च्या तडकतात.

या वर्षी एक काका त्या लाल पट्टीच्या खुर्चीकडे आले, मी म्हटलं काका ही नको, ही दुसरी घ्या. ते म्हणाले, "अरे, एवढे बोल्ट मारलेत की, ही तर जास्त पक्की आहे." दिसायला तसंच वाटतं हे खरंय, पण बोल्ट जिथे संपतात तिथून पुढे प्लास्टिकच आहे, आणि ते एकदा आपटलेलं आहे. मी दुसरी खुर्ची आणून दिली आणि ते बसल्यावरच हललो.

जोडलेल्या खुर्चीचे बोल्ट महिन्यातून एकदा हाताने चाचपतो आणि पावडर चोळतो. तडा भोकाच्या पुढे गेलेला दिसला की परत दुसरं भोक, दुसरी पट्टी असं करत बसत नाही, त्या दिवशी ती खुर्ची संपली.

संपलेली खुर्ची तशीच कोपऱ्यात किंवा कचऱ्याशेजारी उभी ठेवू नका. वॉचमन, भाजीवाल्या मावशी, बांधकामावरचे लोक ती उचलून नेतात, त्यांना वाटतं चांगली खुर्ची टाकली, आणि त्यांना तो तडा माहीत नसतो. मी आधी करवतीने चारही पाय सीटच्या खाली कापतो आणि मगच भंगारवाल्याला देतो, किलोवरच जाते ती, पाय वेगळे दिले तरी पैसे तेवढेच मिळतात. गेल्या महिन्यात गच्चीवरच्या दोन पांढऱ्या खुर्च्या अशाच कापल्या. पहिल्या खुर्चीच्या पायाला करवत लावली तर भुसा पडला नाही, तुकडेच उडाले, तिसऱ्या घासाला पाय आपोआप मोडून हातात आला. त्याच खुर्चीवर वरच्या मजल्यावरच्या आज्जी रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. आता त्यांच्यासाठी गोडाऊनमधली एक धड खुर्ची जिन्याच्या सावलीत ठेवलीय, ऊन लागणार नाही अशी.